दुसरा आदेश

कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ उभं राहिलं की नगर-मनमाड महामार्गावरची रहदारी उत्तरेला शिर्डीकडे जाताना दिसते. गेल्या काही वर्षांत या रस्त्याच्या कडेच्या जमिनींचे भाव इतके वाढले, की आयुष्यभर ऊस आणि पेरू पिकवणाऱ्या माणसाच्या खात्यावरही एका व्यवहारात चाळीस-पन्नास लाख रुपये जमा झाले. त्यानंतर आयकर खात्याची नोटीस आली, चौकशी झाली, आकारणीचा आदेश आला आणि कराची मागणी निघाली. माणूस ती रक्कम कशीबशी भरतो आणि विषय संपला असं समजतो. काही महिन्यांनी दुसरा आदेश येतो. त्याची तारीख वेगळी असते, कलम वेगळं असतं, आणि रक्कम कधी कधी मूळ करापेक्षाही मोठी असते. हा दंडाचा आदेश, कायद्याच्या मराठीत शास्तीचा आदेश.

त्याविरुद्ध अपील करताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘आम्ही उत्पन्न लपवलेलं नाही.’ हे वाक्य कुठे चालतं, कुठे चालत नाही आणि चालावं म्हणून त्याच्यामागे काय उभं करावं लागतं, याचा हा आढावा आहे. इथली चर्चा १९६१ च्या आयकर कायद्याची आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला असला तरी आधीच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात, आणि आज अपिलात पडून असलेली बहुतेक प्रकरणं त्याच वर्षांची आहेत.

उदाहरण म्हणून एक माणूस समजू. त्याला तात्या म्हणू. हा माणूस आणि त्याचे आकडे काल्पनिक आहेत, पण असं प्रकरण या पट्ट्यात कुणाच्याही घरी घडू शकतं. तात्यांची शिर्डीच्या हद्दीलगत थोडी शेतजमीन होती. शेतजमीन विकली की भांडवली नफ्यावर कर नाही, असा गावोगाव समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत लोकसंख्या असलेल्या नगरपालिका क्षेत्राच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन ही कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच आहे. शिर्डी या वर्गात बसते. तात्यांनी २०१८-१९ मध्ये ती जमीन ४८ लाखांना विकली. महागाई निर्देशांकाने वाढवलेली मूळ किंमत ८ लाख धरली, म्हणजे नफा ४० लाख. त्याच वर्षी त्यांनी कोल्हारच्या शिवारात ४१ लाखांची शेतजमीन घेतली. विकलेली जमीन आधीची दोन वर्षं कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली असेल, तर कलम ५४बी प्रमाणे तेवढ्या नफ्यावर सूट मिळते. तात्यांनी रिटर्नमध्ये विक्री दाखवली, नफा दाखवला, ४० लाखांची सूट मागितली आणि कृषी सेवा केंद्राच्या साडेचार लाखांच्या उत्पन्नावर कर भरला.

खरेदीखत मात्र मुलाच्या नावाने झालं होतं. आपल्याकडे हे नेहमीचंच आहे. बाप सत्तरीकडे झुकलेला असतो, पुढे वारसनोंदीचा खटाटोप नको म्हणून थेट मुलाच्याच नावाने करतात. पैसा तात्यांच्या खात्यातून चेकने गेला होता. स्क्रुटिनीत अधिकाऱ्याने खरेदीखत मागितलं, तात्यांनी दिलं. अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं, की सूट मागणाऱ्याने जमीन स्वतःच्या नावाने घ्यायला हवी. सूट नाकारली गेली. ४० लाखांवर २० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून कर झाला ८ लाख ३२ हजार, व्याज वेगळं. आदेशाच्या शेवटच्या ओळीत दंडाची कार्यवाही स्वतंत्रपणे सुरू करत असल्याचं लिहिलं होतं. पुढे दंडाचा आदेश आला तो कराच्या दुप्पट, म्हणजे १६ लाख ६४ हजारांचा.

अपील लिहिणाऱ्याने आधी हे दोन आदेश वेगळे का असतात ते पक्कं समजून घ्यावं. आकारणीत प्रश्न असतो, या माणसाचं करपात्र उत्पन्न किती? दंडात प्रश्न असतो, उत्पन्न सांगताना हा माणूस कसा वागला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विरुद्ध गेलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप विरुद्ध जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये अन्वर अली प्रकरणात हे स्पष्ट केलं. आकारणीतले निष्कर्ष दंडाच्या कार्यवाहीत पुरावा म्हणून वापरता येतात, पण ते अंतिम नसतात. त्या काळी उत्पन्न लपवल्याचं सिद्ध करायची जबाबदारी खात्याची होती. पुढे तराजू कलत गेला. १९६४ मध्येच कलमातून ‘जाणूनबुजून’ या अर्थाचा शब्द काढला गेला होता. १९७६ पासून कलम २७१(१)(सी) च्या पहिल्या स्पष्टीकरणाने ओझं करदात्याकडे सरकवलं. खुलासा दिला नाही, खोटा ठरला, किंवा तो सिद्ध न होता त्यामागची सचोटीही दाखवता आली नाही, तर उत्पन्न लपवलं असं मानलं जातं. म्हणून आजच्या अपिलात ‘खात्याने काहीच सिद्ध केलं नाही’ एवढंच लिहून भागत नाही. आधी आपला खुलासा मांडावा लागतो आणि तो त्या वेळच्या कागदावर उभा करावा लागतो.

‘त्या वेळच्या’ या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो आहे. दंडाच्या अपिलाचा निकाल बऱ्याच अंशी रिटर्न भरलं त्या दिवशीच लागलेला असतो. रिटर्नमध्ये काय दाखवलं आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं अवलंबून असतं. अपिलात वकिलाने किती जोर लावला याला त्यानंतरची जागा आहे.

करदात्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम निर्णय रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सचा आहे, १७ मार्च २०१० चा. कंपनीने शेअर खरेदीसाठी काढलेल्या कर्जावरचं सुमारे २८.७७ लाखांचं व्याज खर्च म्हणून मागितलं, खात्याने ते नाकारलं आणि दंड लावला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की रिटर्नमधला एकही तपशील चुकीचा किंवा खोटा असल्याचं खात्याचं म्हणणंच नाही. मागणी कायद्यात बसली नाही एवढ्यावरून तपशील चुकीचे दिले असं होत नाही, नाहीतर नाकारलेल्या प्रत्येक मागणीला दंड लागेल. दोन वर्षांनी प्राइस वॉटरहाउस कूपर्सच्या प्रकरणात खुद्द हिशेबतपासनीसांच्याच संस्थेकडून चूक झाली होती. ग्रॅच्युइटीची तरतूद वजावटीला पात्र नाही हे त्यांच्याच टॅक्स ऑडिट अहवालात लिहिलेलं असताना रिटर्नमध्ये ती रक्कम उत्पन्नात मिळवायची राहून गेली. न्यायालयाने २०१२ मध्ये ती प्रामाणिक अनवधानाची चूक मानली, कारण लपवायचं असतं तर अहवालात ते लिहिलंच नसतं. दोन्ही ठिकाणी करदात्याला वाचवलं ते आधीच दिलेल्या कागदाने.

जमिनीच्या व्यवहारात याच जातीचा आणखी एक प्रसंग वारंवार येतो. खरेदीखतात किंमत ४८ लाख असते, मुद्रांक शुल्कासाठी मूल्यांकन ५५ लाख निघतं. कलम ५०सी ने नफा ५५ लाखांवर मोजला जातो. तो कर द्यावा लागू शकतो, पण केवळ या मानीव किमतीमुळे वाढलेल्या उत्पन्नावर लपवल्याचा दंड लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फॉर्च्यून हॉटेल्सच्या प्रकरणात धरलं. वरचे सात लाख हाती आल्याचा पुरावा असेल तर मात्र गोष्ट पूर्ण बदलते.

आता तात्यांची मागणी कशी होती ते पाहू. मुलाच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर सूट मिळते का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने याच कलम ५४बी खाली एका प्रकरणात खरेदीखतात बापासोबत मुलाचं नाव असूनही सूट दिली, तर दुसऱ्या प्रकरणात जमीन फक्त मुलगा आणि नातवाच्या नावाने होती म्हणून नाकारली. दिल्ली उच्च न्यायालयाने घरासाठीच्या कलम ५४एफ खाली पत्नीच्या नावाने घेतलेल्या घराला सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र त्याच ५४एफ खाली दत्तक मुलाच्या नावाच्या घराला ती नाकारली. महाराष्ट्रातल्या करदात्यासाठी नागपूरचा निर्णय जड आहे, तो दुसऱ्या कलमाचा असला तरी. त्यामुळे मूळ कराच्या अपिलात तात्यांची बाजू कमजोर आहे, आणि हे त्यांना आधीच सांगायला हवं. पण दंडाच्या अपिलात प्रश्न वेगळा आहे. ज्या मुद्द्यावर उच्च न्यायालयंच दोन बाजूंना उभी आहेत, त्यावर सगळे आकडे उघडे ठेवून एका बाजूची मागणी करणं ही बेइमानी आहे का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्सचा तर्क इथे जसाच्या तसा लागू पडतो.

एक कच्चा दुवा मात्र आहे. सूट मागताना रिटर्नच्या भांडवली नफ्याच्या तक्त्यात विक्रीची तारीख, नव्या जमिनीची किंमत, खरेदीची तारीख, भांडवली नफा खात्यात ठेवलेली रक्कम आणि सुटीची रक्कम भरावी लागते. जमीन कुणाच्या नावाने घेतली हे तिथे विचारलेलंच नाही. खातं म्हणू शकतं, की मुलाच्या नावाची गोष्ट तुम्ही रिटर्नमध्ये सांगितली नाही, ती आम्ही शोधून काढली. यावर तात्यांची दोन उत्तरं आहेत. तक्त्यात तो रकाना नाही आणि रिटर्नसोबत कागद जोडण्याची सोयही नाही, म्हणून न विचारलेली गोष्ट लपवली असं म्हणता येत नाही. दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. खरेदीखत मागितल्यावर ते पहिल्याच उत्तरासोबत दिलं होतं, आणि त्यासोबत पैसे तात्यांच्याच खात्यातून गेल्याचा बँकेचा उताराही दिला होता. त्या उत्तराची पोर्टलवरची पोहोच आणि तारीख अपिलाच्या कागदांत सर्वांत वर हवी. तीनदा टाळाटाळ करून चौथ्यांदा खरेदीखत दिलं असतं, तर हे उत्तर लंगडं पडलं असतं.

इथून पुढे नव्या-जुन्या कलमांचा घोटाळा सुरू होतो, आणि बरीच अपिलं इथेच फसतात. आकारणी वर्ष २०१६-१७ पर्यंत दंड कलम २७१(१)(सी) खाली होता, बुडवू पाहिलेल्या कराच्या १०० ते ३०० टक्के. त्यात दोन स्वतंत्र आरोप होते, उत्पन्नाचे तपशील लपवणं आणि चुकीचे तपशील देणं. आकारणी वर्ष २०१७-१८ पासून कलम २७०ए आलं आणि त्यात ‘लपवणं’ हा शब्दच राहिला नाही. आता उत्पन्न कमी दाखवलं असेल तर कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन कमी दाखवलं असेल तर २०० टक्के. तात्यांचं वर्ष नव्या कलमात येतं. तरीही जुन्या अपिलातले मुद्दे उतरवून ‘उत्पन्न लपवलेलं नाही’ असं लिहिणारे खूप आहेत. नव्या कलमात या वाक्याला थेट घर नाही, ते दोन ठिकाणी वाटून लिहावं लागतं.

पहिलं ठिकाण पोटकलम ६ मधला पहिला खंड. ज्या रकमेबद्दल करदात्याने खुलासा दिला, तो खुलासा प्रामाणिक असल्याचं अधिकाऱ्याला किंवा अपील आयुक्तांना पटलं आणि त्यासाठीच्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी करदात्याने उघड केल्या असतील, तर ती रक्कम ‘कमी दाखवलेलं उत्पन्न’ या व्याख्येतच येत नाही. अपील आयुक्तांचं नाव तिथे स्पष्ट आहे, म्हणजे ते स्वतः नव्याने समाधान करून घेऊ शकतात. हा खंड मान्य झाला तर ५० टक्केही जातात. दुसरं ठिकाण पोटकलम ९. चुकीची माहिती म्हणजे काय, हे तिथे सहा प्रकारांत बांधून दिलं आहे. त्यात वस्तुस्थिती दडपणं किंवा विपर्यस्त सांगणं, गुंतवणूक हिशेबात न दाखवणं, पुराव्याशिवाय खर्च मागणं, खोटी नोंद करणं, जमा रक्कम न नोंदवणं आणि परदेशी व्यवहार न कळवणं हे येतात. तात्यांचा दंड २०० टक्क्यांचा आहे, म्हणून पहिला सवाल असा, की या सहांपैकी कोणता प्रकार लावला? आदेशात तो लिहिलेलाच नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकच्या प्रकरणात, कोणता प्रकार हे न सांगता नुसता ‘चुकीची माहिती’ असा शब्द वापरून चालत नाही, असं म्हटलं आहे. हा एकच मुद्दा मान्य झाला तरी १६ लाख ६४ हजारांचे ४ लाख १६ हजार होतात.

जुन्या कलमाच्या वर्षांसाठी असाच, किंबहुना याहून धारदार मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला, आणि तो गोव्याच्या प्रकरणात. दंडाची नोटीस छापील असते. तिच्यात ‘तपशील लपवले’ आणि ‘चुकीचे तपशील दिले’ असे दोन्ही आरोप छापलेले असतात, आणि अधिकाऱ्याने लागू नसलेला खोडायचा असतो. घाईत दोन्ही तसेच राहतात. जुन्या कौशल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की करदात्याला आरोप कळलेला असेल तर एवढ्यावरून कार्यवाही रद्द होत नाही. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने सॅमसन पेरिंचेरी प्रकरणात उलट दिशा घेतली. या दोहोंतून मार्ग काढायला प्रश्न पूर्णपीठाकडे गेला आणि ११ मार्च २०२१ रोजी मोहम्मद फरहान शेख प्रकरणात उत्तर आलं. आरोप न खोडलेली नोटीस दंडाची कार्यवाहीच दूषित करते. आकारणीच्या आदेशात आरोप स्पष्ट लिहिला होता हा बचाव खात्याला मिळत नाही, कारण दंडाची कार्यवाही वेगळी आहे आणि त्यातला आरोप त्याच कार्यवाहीच्या नोटिशीतून कळायला हवा. दोन आदेश वेगळे असतात ही गोष्ट सामान्यतः करदात्याला त्रासाची वाटते, इथे तीच त्याच्या मदतीला आली.

तरीही केवळ या मुद्द्यावर अपील उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे. नोटीस पोर्टलवरून उतरवून तारखेसह तपासावी. कधी पहिल्या नोटिशीत आरोप खोडलेला नसतो आणि नंतरच्या नोटिशीत असतो, मग वाद लांबतो. तांत्रिक मुद्दा पहिला लिहावा, पण त्याच्या मागे खुलाशाचा मुद्दा पूर्ण लांबीचा हवा. तांत्रिक मुद्दा पडला तर हातात दुसरं काही नाही, अशी वेळ येऊ देऊ नये.

‘लपवलं नाही’ हे म्हणणं कुठे चालत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. खात्याने पाहणी केली, कागद सापडले, विचारणा झाली आणि मग ‘वाद नको म्हणून’ रक्कम उत्पन्नात देऊ केली, हा आपल्याकडचा प्रसिद्ध मार्ग आहे. मॅक डेटा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१३ रोजी तो बंद केला. तिथे एका भगिनी संस्थेच्या पाहणीत सापडलेल्या कागदांवरून प्रश्न विचारल्यावर कंपनीने ४०.७४ लाख देऊ केले होते. न्यायालय म्हणालं, कायद्यात ‘शांततेसाठी दिलं’ असा खुलासा नाही. रक्कम खरोखर जाहीर करायची होती तर रिटर्नमध्येच केली असती. म्हणून चौकशीत एखादी वाढ मान्य करताना सल्लागाराने थांबून विचार करावा, की उद्याच्या दंडाच्या कार्यवाहीत हे वाक्य कसं वाचलं जाईल. मान्य करायचंच असेल तर कारण लिहावं. पावती सापडत नाही, हिशेबातला फरक जुळत नाही, कायद्याचा अर्थ चुकला, जे खरं असेल ते. नुसती शरणागती लिहू नये.

आमच्या भागात आणखी एक प्रकार आहे, दुसऱ्या उत्पन्नाला शेतीचं नाव देण्याचा. साडेतीन एकरांतून वीस लाखांचं शेती उत्पन्न दाखवलं आणि सातबाऱ्यावर पीकपाहणी निम्मीच, ऊस गेल्याची कारखान्याची बिलं नाहीत, आडत्याच्या पट्ट्या नाहीत. अशा माणसाचं ‘लपवलं नाही’ हे म्हणणं कागदाच्या पहिल्याच तपासणीत कोसळतं. उलट ज्याच्याकडे प्रवरानगरच्या कारखान्याची ऊस बिलं आणि ती जमा झालेलं बँकेचं खातं आहे, पण काही विक्री रोखीत झाली म्हणून थोडा भाग सिद्ध झाला नाही, त्याचा खुलासा पोटकलम ६ मध्ये टिकू शकतो. तात्यांनाही हाच पुरावा लागेल, कारण विकलेली जमीन आधीची दोन वर्षं कसलेली होती हे पीकपाहणी आणि बिलांवरूनच दिसतं. ते सिद्ध झालं, की सूट नाकारण्याचं कारण फक्त नावाचं उरतं, आणि दंडाच्या अपिलात हेच दाखवायचं आहे.

अपील करण्याआधी एक वाट तपासायला हवी होती, आणि तात्यांच्या बाबतीत ती निसटली. कलम २७०एए प्रमाणे, कर आणि व्याज मुदतीत भरलं, आकारणीविरुद्ध अपील केलं नाही आणि आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म ६८ भरला, तर ५० टक्क्यांच्या दंडातून माफी मागता येते. चुकीच्या माहितीचा आरोप असेल तर ही माफी नाही. म्हणजे आकारणीचा आदेश हातात आल्यापासून काही आठवड्यांतच निवड करावी लागते, कराविरुद्ध लढायचं की दंडातून सुटायचं. ज्याचा मूळ मुद्दा नागपूरच्या निर्णयासमोर कमजोर आहे, त्याच्यासाठी मी दुसरी वाट सुचवली असती. पण तात्यांनी आकारणीविरुद्ध अपील केलं, आणि ती वाट तिथेच बंद झाली.

आता राहिलं दंडाचं अपील. ते अपील आयुक्तांकडे फॉर्म ३५ मध्ये ऑनलाइन जातं, मागणीची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत. शुल्क जास्तीत जास्त १,००० रुपये. आकारणीविरुद्धचं अपील आधीच चालू असलं तरी दंडासाठी दुसरा, स्वतंत्र फॉर्म ३५ लागतो. पहिल्याच अपिलात दंडाचा मुद्दा टाकून ठेवला आणि दंडाच्या आदेशावर अपीलच केलं नाही, ही चूक मोठी महाग पडते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फॉर्ममध्ये आदेशाचं कलम आणि तारीख आकारणीची भरणं. मुदत गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज कारणांसह त्याच फॉर्मसोबत द्यावा. आदेश जुन्या सल्लागाराच्या ई-मेलवर गेला आणि तात्यांना बँकेचं खातं गोठल्यावर कळलं, हे कारण खरं असेल तर चालतं, पण तो ई-मेल पत्ता पोर्टलवर कुणाचा नोंदलेला होता याचा कागद जोडावा लागतो.

फॉर्ममध्ये वस्तुस्थितीसाठी हजार शब्द आणि प्रत्येक मुद्द्यासाठी शंभर शब्दांची मर्यादा आहे. मुद्द्यांत निकालांची यादी भरण्यापेक्षा वस्तुस्थिती तारखांनी लिहावी. जमीन अमुक तारखेला विकली, रिटर्नच्या अमुक तक्त्यात अमुक रक्कम दाखवली, अमुक तारखेच्या नोटिशीला अमुक तारखेला खरेदीखत दिलं, सूट फक्त नावाच्या कारणाने नाकारली. हे वाचणारा माणूस प्रत्यक्ष भेटणार नाही. २०२० पासून बहुतेक अपिलं चेहराविरहित पद्धतीने चालतात, आणि कोल्हारच्या तात्यांचा कागद देशाच्या कुठल्या टोकाला वाचला जाईल ते त्यांना कळत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला सातबाऱ्यावरची मराठी वाचता येईल असं धरू नये. सातबारा, फेरफार आणि सूची दोनचा इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद सोबत द्यावा. व्हिडिओ सुनावणी मागता येते, आणि जिथे सचोटीचा प्रश्न आहे तिथे ती मागावीच.

अपील केल्याने वसुली थांबत नाही. अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली स्वतंत्र स्थगिती अर्ज द्यावा लागतो. ३१ जुलै २०१७ च्या सूचनेप्रमाणे साधारण २० टक्के भरल्यावर बाकीची वसुली थांबवली जाते. तात्यांच्या १६ लाख ६४ हजारांवर हे ३ लाख ३२ हजार ८०० होतात. आदेशात पोटकलम ९ चा प्रकारच लिहिलेला नसेल तर ते अर्जात सांगून २० टक्क्यांहून कमी रक्कम मागता येते. दंडाच्या नोटिशीला उत्तर देताना, आकारणीचं अपील सुटेपर्यंत दंडाचा निर्णय थांबवावा, अशी विनंतीही करता येते. कायद्यात त्यासाठी मुदतीची सोय आहे. तात्यांच्या उत्तरात ती विनंती नव्हती.

सुनावणीच्या नोटिसांना उत्तर गेलं नाही, तर अपील एकतर्फी फेटाळलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे, की अपील आयुक्तांनी गैरहजेरीच्या कारणाने अपील निकाली काढू नये, मुद्द्यांवर निर्णय द्यावा. त्यामुळे तसा आदेश अपील न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडून परत पाठवला जाऊ शकतो. पण त्यात वर्षं जातात आणि वसुलीची टांगती तलवार कायम राहते. फॉर्म ३५ मध्ये ई-मेल आणि मोबाईल क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्या, संदेश रोज पाहणाऱ्या माणसाचा द्यावा. तात्यांच्या घरी तो मुलाचा असेल.

आयुक्त दंड कायम करू शकतात, रद्द करू शकतात, कमी करू शकतात, आणि आधी नोटीस देऊन वाढवूही शकतात. निकाल विरुद्ध गेला, तर तो मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून दोन महिन्यांत पुण्याच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिकडे मूळ कराचं अपीलही चालू असेल, तर दोन्ही फाईलींवर लक्ष ठेवावं लागतं. मूळ वाढच रद्द झाली तर दंडाला आधार उरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये के. सी. बिल्डर्स प्रकरणात सांगितलं. त्या निकालाची प्रत दंडाच्या अपिलात स्वतःहून दाखल करावी लागते, ती कुणी आपोआप जोडत नाही. मूळ करात हरलं पण उच्च न्यायालयाने तो कायद्याचा गंभीर प्रश्न म्हणून सुनावणीला घेतला, तर मुद्दा वादग्रस्त होता याचा तो चांगला पुरावा ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नयन बिल्डर्सच्या प्रकरणात दंड रद्द होणं याच आधारावर योग्य मानलं. गुजरातमध्ये मात्र केवळ सुनावणीला घेणं पुरेसं मानलेलं नाही. तात्यांच्या मुद्द्यावर, बाप की मुलगा, असा प्रश्न महाराष्ट्रात कलम ५४बी खाली उच्च न्यायालयापुढे उभा राहिला, तर दंडाच्या फाईलीत लावायचा पुढचा कागद तोच असेल.